डॉक्टर, लिहून द्याल का?

बी.एस्सी. होऊन मी माधवनगरच्या घरात बसलो होतो तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरत आलं होतं. आमच्यासारख्या पोरांपुढे दोन वाटा असत. एक बी.एड. करून मास्तर व्हायची आणि दुसरी टाय बांधून एमआर व्हायची. एमआर म्हणजे औषध कंपनीचा माणूस. बॅग घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायचं, आत बोलावलं की दोन मिनिटांत आपल्या औषधाची माहिती सांगायची आणि डॉक्टरांनी ते रुग्णांना लिहून द्यावं असं बघायचं. सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नव्हता, त्यामुळे कंपन्यांची माणसं तिथेच मुलाखती घ्यायला येत.

मुलाखत हॉटेलच्या खोलीत व्हायची. आधी शिक्षण, घर, छंद वगैरे विचारायचे. मग साहेब खुर्ची जरा मागे सरकवून म्हणायचे, "आता मी डॉक्टर. तू आत आलास. कर सुरुवात." याला रोल प्ले म्हणत. हातात एखादं माहितीपत्रक द्यायचे, दहा मिनिटं वाचायला मिळायची, आणि साहेब डॉक्टर होऊन आपल्याला छळायचे. तुमचं औषध महाग आहे, माझे पेशंट दुसऱ्या कंपनीच्या औषधानं बरे होतात, मला वेळ नाही, असं एकेक काढायचे. त्याची उत्तरं न चिडता द्यायची.

मला हे छान जमतं असं माझं ठाम मत होतं. पहिल्या मुलाखतीत खोकल्याचं औषध होतं. साहेबांनी चार शंका काढल्या, मी चारही अशा मोडून काढल्या की त्यांनी मान डोलावली. मग ते गप्प बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "थँक्यू डॉक्टर," आणि पत्रक घडी करून उठलो. ते म्हणाले, "झालं?" मी म्हणालो, "झालं सर." घरी येऊन मी आईला सांगितलं की काम फत्ते झालंय. पत्र काही आलं नाही.

दुसरी मुलाखत साताऱ्याला, पोवई नाक्याजवळच्या हॉटेलात. या वेळी आम्लपित्ताची गोळी. पुन्हा मी पोपटासारखा बोललो, पुन्हा शंका फेडल्या, पुन्हा साहेब गप्प झाले, पुन्हा मी "थँक्यू डॉक्टर" म्हणून उठलो. हे साहेब मात्र मोकळ्या मनाचे निघाले. दारापर्यंत गेलो तर म्हणाले, "अरे, तू सांगितलंस सगळं, मागितलं काहीच नाहीस. डॉक्टर म्हणून मी आता काय करायचं? तुझ्या बोलण्याला टाळ्या वाजवायच्या?"

एसटीत बसून मी कराडपर्यंत त्यांच्यावर चडफडत होतो. कराडनंतर लक्षात आलं की ते बरोबर बोलत होते. शेवटचं वाक्य मला पाठ होतं. "डॉक्टर, तुमच्या पुढच्या पाच पेशंटना हे औषध लिहून द्याल का?" एमआर असलेल्या माझ्या मित्रानं ते मला वीसदा सांगितलं होतं. पण वेळ आली की ते वाक्य गळ्यातच राहायचं, आणि ते का राहतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

आमचं मूळ गाव कुंडल. आज्जाच्या काळी आमच्या घराकडे गावकीची कामं होती. दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी दारोदार उभं राहून भाकरी मागायची. ती राबणुकीचीच भाकरी, पण देणारे ती भीक दिल्यासारखी वरून टाकायचे. छप्पन्न साली आज्जानं धम्म स्वीकारला, त्या दिवसापासून भाकरी मागणं बंद केलं, आणि घरात एक नियम घातला. आपण कुणाकडं काही मागायचं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा लहान होते. त्यांनी तो नियम असा काही पाळला की आज्जाही कधी कधी हसला असेल.

अण्णा लग्नाच्या पंगतीत "भात वाढा" म्हणायचे नाहीत. वाढपी पुढे गेला तर ताटात नुसती आमटी ठेवून बसायचे. एकदा पुण्यात एका नातलगाचं घर शोधायला निघाले आणि कुणाला पत्ता विचारायचा नाही म्हणून उन्हात तीन तास फिरले. माधवनगरच्या कापड गिरणीत एवढी वर्षं काढली, पण कधी साहेबाकडं रजा मागितली नाही. दिली तर घेतली. याला कुणी ताठा म्हणायचं, कुणी भोळेपणा. मला लहानपणी त्याचा अभिमान वाटायचा, आणि राग यायचा तोही खराच. तोच नियम माझ्याही अंगात मुरला होता. वर्गात पेन विसरलो तर मी तास कोरडा काढायचो, पण शेजारच्याकडं पेन मागायचो नाही.

साताऱ्याहून आलो आणि जेवताना घरी सांगून टाकलं. अण्णांनी ऐकून घेतलं. हात धुऊन आले आणि म्हणाले, "गिरणीत बदली कामगार घेणार हाईत. वीस तारखेला यादी करणार. साहेबाला इचारतो तुज्यासाठी."

आई भांडी आवरत होती, तिचा हात थांबला. अण्णांनी हे वाक्य म्हणताना माझ्याकडं पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज एखाद्या दुखण्याबद्दल बोलावं तसा लागला होता. मी बोलून गेलो, "एक मुलाखत राह्यलीय अण्णा, सांगलीत. वीस तारखेलाच हाय, सकाळी. दुपारपर्यंत येतो मी. तवर थांबा."

"थांबतो," ते म्हणाले. "यादी सांजच्याला बंद होती."

झोपायला गेलो तरी डोळ्यांसमोर एकच चित्र. इस्त्रीचा सदरा घालून साहेबांच्या दारात उभे राहिलेले अण्णा, माझ्यामुळं. पंगतीत भात न मागणारा माणूस. मला नोकरी हवी होती हे खरंच, पण त्याहून मला हे नको होतं. आणि ते टाळायचं तर मला एका परक्या माणसासमोर मागायला शिकणं भाग होतं. नशीब थट्टा करतं म्हणतात, ती अशी.

मित्र आठवडाभर संध्याकाळी यायचा. तो डॉक्टर व्हायचा, मी एमआर. औषध त्यानंच ठरवलं होतं, गरोदर बायांना देतात ती लोहाची गोळी. शेवटच्या वाक्यापाशी आलो की मी पाणी प्यायचो, खाकरायचो, नाहीतर "तर असं आहे डॉक्टर" म्हणून पळवाट काढायचो. मित्र कपाळाला हात लावायचा. "गड्या, एवढा नांगरून पेरून शेत सोडून जातोस व्हय रं? कापायला काय मी येऊ?"

एका संध्याकाळी अण्णा पाळीवरून आले आणि खाटेवर बसून ऐकू लागले. मित्र म्हणाला, "काका, तुमी डॉक्टर व्हा. माजं तोंड बघून ह्याला आता काय वाटत न्हाई." अण्णा लाजले, पण बसले. मी लोहाची गोळी समजावून सांगितली. शंका काय काढावी हे त्यांना सुचेना. मित्रानं कानात सांगितलं तेव्हा म्हणाले, "महाग हाय म्हनं." मी उत्तर दिलं. मग डोळे मिटून, एका दमात, आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य म्हणून टाकलं. "डॉक्टर, पुढच्या पाच पेशंटना ही गोळी लिहून द्याल का?"

"देतो की," अण्णा पटकन म्हणाले. "धाजणास्नी देतो."

मित्र हसून लोळायचा बाकी राहिला. "काका, तुमच्यासारखा एक डॉक्टर जिल्ह्यात असता तर मी पगार घेतला नसता!" स्वतः कधी न मागणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या मागण्याला नाही म्हणणंही जमत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आई चुलीपासून उठली. "सरा तुमी," ती अण्णांना म्हणाली आणि पदर खोचून खाटेवर डॉक्टर होऊन बसली. मंडईत भाजीवालीला घाम फोडणारी बाई ती. मी गोळीचं सांगायला लागलो तर म्हणाली, "आमच्या इथं सरकारी दवाखान्यात फुकट मिळती." मी त्याचं उत्तर दिलं. "खाल्ली की मळमळतं. तुज्या वेळंला मी ती गोळी गटारात टाकायची, ठावं हाय का?" हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर घ्यायची नाही. मग शेवटचं वाक्य म्हटलं.

"न्हाई," आई म्हणाली.

मी मित्राकडं पाहिलं. आई म्हणाली, "त्याच्याकडं काय बघतोस? मी न्हाई म्हनले. आता?"

"आता काय? न्हाई तर न्हाई."

"का न्हाई, ते इचार की रं! भाजीवाली न्हाई म्हनली म्हनून मी रिकामी पिशवी घिऊन घरला येते व्हय?"

मग ती अण्णांकडं न बघता बोलली. "तुज्या आज्जानं भाकरी मागायची सोडली ते लय चांगलं केलं. ती भाकरी मागून मागणाऱ्याचंच पोट भरायचं आनि वर मान खाली जायची. तू गोळी मागतोस ती कुणाला? त्या पोटुशी बाईला. तुला खायाची हाय का?" गोळीवर कंपनीचंही पोट भरतं हे आईला कळत नव्हतं असं नाही. पण मी तिच्याशी वाद घातला नाही. अण्णा मांडीवर हात ठेवून जमिनीकडं बघत बसले.

वीस तारखेला सांगलीच्या एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही पंधराएक जण जिन्यात, गच्चीत, मिळेल तिथं पत्रकं वाचत उभे होतो. योगायोग म्हणा, औषध रक्त वाढवायचंच निघालं. पण नंबर काही लागेना. पुण्याहून यायचे साहेबच उशिरा आले. बारा वाजले, दोन वाजले, माझं लक्ष सारखं घड्याळाकडं. माझं नाव पुकारलं तेव्हा साडेतीन झाले होते.

साहेब पन्नाशीचे, चष्मा नाकावर, शांत. "मी डॉक्टर. बाहेर वीस पेशंट आहेत. बोला," म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहीत बसले. खरे डॉक्टर असंच करतात हे मित्रानं सांगितलं होतं, म्हणून मी थांबलो. त्यांनी मान वर केली तेव्हा सुरू केलं.

"लोहानं पेशंटला बद्धकोष्ठ होतं. तक्रारी येतात."

"होतं डॉक्टर, काहींना होतं. आमच्या गोळीनं त्रास कमी होतो असं कंपनीच्या चाचणीत दिसलंय, तो तक्ता इथं आहे. तरी जेवणानंतर घ्यायला सांगितलं तर बाई गोळी मध्येच सोडत नाही."

"शौचाला काळी होते. बाया घाबरतात."

"त्यात धोका नाही. आधी सांगून ठेवलं तर घाबरत नाहीत."

"महाग आहे."

"दोन पैसे जास्त आहे. पण गटारात टाकलेली गोळी सगळ्यात महाग पडते, डॉक्टर." हे वाक्य आईच्या कृपेनं आलं होतं. साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला.

"बरं," ते म्हणाले. "बघू."

आता आमच्या भागात 'बघू' म्हटलं की शहाण्या माणसानं ओळखावं आणि चप्पल पायात घालावी. मी उठलो. खरंच उठलो. आठवडाभराची सगळी तालीम पाण्यात गेली आणि पाय आपोआप दाराकडं निघाले. दाराच्या कडीला हात लावला आणि मनात हिशेब झाला. चार वाजत आलेत, अण्णांची पाळी सुटली असेल, आता ते तोंड धुऊन सदरा बदलत असतील.

मी वळून परत खुर्चीपाशी आलो. "डॉक्टर, आज बाहेर बसलेल्यांपैकी ज्या गरोदर बाईला तुम्ही लोह देणार, तिला ही गोळी लिहून द्याल का?"

"नाही."

"का नाही, डॉक्टर?"

त्यांनी चष्मा काढला. "कारण मी लिहीन आणि खालच्या मेडिकलमध्ये ती मिळणार नाही. बाई परत वर येईल आणि शिव्या मला देईल."

म्हणजे बद्धकोष्ठ नव्हतं, किंमत नव्हती, काळा रंगही नव्हता. खरी अडचण ही होती, आणि ती "नाही" ऐकून घेतल्याशिवाय बाहेर आलीच नसती. मी म्हणालो, "मी आत्ता खाली जाऊन मेडिकलवाल्याशी बोलतो. माल आजच ठेवायची व्यवस्था करतो. सहा वाजता वर येऊन तुम्हाला सांगतो. गोळी खाली असेल तर तिघींना लिहाल?"

"असेल तर लिहीन," साहेब म्हणाले, आणि पेन खाली ठेवलं. "झालं. मी आता डॉक्टर नाही. दारापासून परत का आलास?"

खरं सांगायला लाज वाटली, पण खोटं सुचायला वेळ नव्हता. मी म्हणालो, "मागायची सवय नाही सर. आमच्या घरात कुणालाच नाही. पण ही नोकरी मला पाहिजे. द्याल का?" हे शेवटचं कुणी शिकवलं नव्हतं. ते ऐकून सगळ्यात जास्त मीच दचकलो.

साहेब मोठ्यानं हसले. म्हणाले, "सोमवारी पुण्याला ये. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग आहे, परीक्षा आहे. पास झालास तर पत्र देतो." आणि शेजारच्या माणसाला माझं नाव लिहून घ्यायला सांगितलं.

सांगलीहून माधवनगरला मी सायकल अशी दामटली की टाय पाठीवर उडत होता. घरात आई एकटी होती. "तुजी लय वाट बघितली रं. आत्ताच गेले," ती म्हणाली. मी सायकल तशीच गिरणीकडं वळवली.

गिरणीच्या मागं साहेबांची घरं होती. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली अण्णा उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांचे ओठ हलत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं. "साहेब, एक इचारायचं हुतं... साहेब, एक इचारायचं हुतं..." मी आठवडाभर केलं तेच ते करत होते, फक्त त्यांच्यासमोर खाटेवर डॉक्टर होऊन बसायला कुणी नव्हतं. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही.

"अण्णा, चला घरी. लागली माजी."

त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. मला वाटलं आता सुटल्यासारखं हसतील आणि सायकलच्या मागं बसतील. त्यांनी फाटकाकडं पाहिलं, सदऱ्याची बाही नीट केली आणि म्हणाले, "तू थांब हितं. आलोच हाय तर माजं इचारतो."

मला काही कळायच्या आत ते आत गेले. त्यांचं काय होतं, मला माहीत नव्हतं. अण्णांच्या कार्डिंग खात्यात कापूस पिंजताना हवेत तंतू उडतात, ते छातीत जातात, हे मला माहीत होतं. अण्णा सकाळी खोकतात हेही. पण त्यांना कापड घडी करायच्या खात्यात बदली हवी आहे, कैक वर्षांपासून हवी आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सांगितलंच नव्हतं. मागितलं नाही की घरालाही कळत नाही.

दहा मिनिटांनी बाहेर आले. कपाळावर घाम होता आणि चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता. "आधी न्हाई म्हनले," ते सांगू लागले. "मी इचारलं, का न्हाई? तर म्हनले, त्या खात्यात एक जण सुटणार हाय, पर अर्ज कुणाचाच न्हाई. अर्ज द्या म्हनले."

घरी आल्याबरोबर त्यांनी मला वही काढायला लावली. नोकरीची बातमी ऐकून आई पेढे आणायला निघाली होती, तिलाही थांबवलं. मी अर्ज लिहायला बसलो, अण्णा शेजारी मांडी घालून. माननीय साहेब यांना, विषय, सविनय, सगळं रीतसर लिहिलं. मग लिहिलं, 'तरी शक्य झाल्यास माझी बदली घडी खात्यात करावी,' आणि वाचून दाखवलं.

अण्णांनी वाक्यावर बोट ठेवलं.

"ते 'शक्य झाल्यास' खोड," ते म्हणाले.